फोनच्या कीबोर्डवर दोन-तीन अक्षरांतून पूर्ण मेसेज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरून शिवणकाम करणाऱ्या, डबे पुरवणाऱ्या, शिकवण्या घेणाऱ्या लोकांकडून आमच्याकडे सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं मुद्दाम एकाच धंद्यातली, ब्लाउज शिवणाऱ्या ताईंची, घेतली आहेत. एकाच कामातले सगळे मेसेज एकत्र पाहिले की आपल्या कामासाठी यादी कशी बनवायची ते लवकर कळतं.

१. हे नेमकं असतं काय?

रोज तेच तेच टाइप करावं लागतं असं एखादं वाक्य तुम्ही कीबोर्डच्या शब्दकोशात साठवता आणि त्याला दोन-तीन अक्षरांचं छोटं नाव देता. पुढे कुठेही ती अक्षरं टाइप केली की कीबोर्ड त्यांच्या जागी पूर्ण वाक्य देतो. हे काम व्हॉट्सॲपचं नाही, कीबोर्डचं आहे. त्यामुळे साधा एसएमएस, इन्स्टाग्रामचा इनबॉक्स, ईमेल अशा सगळ्या ठिकाणी ते चालतं. नेटही लागत नाही.

आयफोन आणि अँड्रॉइड यांत एक मोठा फरक आहे. आयफोनवर शॉर्टकट टाइप करून स्पेस दिली की वाक्य आपोआप उतरतं. अँड्रॉइडच्या जीबोर्डवर ते वाक्य अक्षरांच्या वरच्या सूचनांच्या पट्टीत दिसतं आणि त्याला बोट लावावं लागतं. "माझ्या फोनवर चालत नाही" असं सांगणाऱ्या बऱ्याच जणी पट्टीकडे न बघता स्पेस दाबत असतात.

२. माझ्या फोनमध्ये ही सोय कुठे आहे?

आधी तुमचा कीबोर्ड कोणता ते पाहा, कारण यादी फोनची नसते, कीबोर्डची असते. सॅमसंगच्या फोनवर सहसा सॅमसंगचा स्वतःचा कीबोर्ड असतो. इतर बहुतेक अँड्रॉइड फोनवर गूगलचा जीबोर्ड असतो. दोन्ही कीबोर्ड टाकलेले असतील तर एकातली यादी दुसऱ्याला दिसत नाही.

जीबोर्डवर कीबोर्ड उघडा, वरच्या पट्टीतल्या दातेरी चाकाच्या चिन्हावर जा, मग `Dictionary`, `Personal dictionary`, आणि तिथे भाषा निवडून अधिकचं चिन्ह दाबा. सॅमसंगवर `Settings`, `General management`, `Samsung Keyboard settings` या वाटेने `Text shortcuts` सापडतं. काही फोनवर ते `More typing options` च्या आत असतं. आयफोनवर `Settings`, `General`, `Keyboard`, `Text Replacement` असं जा. तिथे `omw` हा एक शॉर्टकट ॲपलने आधीच घालून दिलेला दिसतो.

तुमचा फोन मराठीत लावलेला असेल तर हीच नावं मराठीत दिसतील, क्रम तोच राहतो.

३. पहिला शॉर्टकट बनवून दाखवा ना.

ब्लाउज शिवून झाला की जाणारा मेसेज घेऊ:

"ब्लाउज तयार आहे. सकाळी ११ ते १ किंवा संध्याकाळी ५ ते ८ या वेळेत येऊन घालून बघा आणि घेऊन जा."

हे वाक्य आधी व्हॉट्सॲपमध्ये नीट टाइप करा, शुद्धलेखन तपासा आणि कॉपी करा. सेटिंगमधल्या छोट्या चौकटीत लिहिताना चुका दिसत नाहीत, आणि एकदा साठवलेली चूक नंतर प्रत्येक गिऱ्हाइकाकडे जाते. मग प्रश्न २ मध्ये सांगितलेल्या ठिकाणी जा. जीबोर्ड आणि आयफोन दोन्हींमध्ये दोन चौकटी असतात. वरच्या चौकटीत पूर्ण वाक्य पेस्ट करा, खालच्या चौकटीत शॉर्टकट लिहा, समजा `ततय`. आयफोनवर `Save` दाबा.

आता व्हॉट्सॲपवर स्वतःलाच मेसेज करा. संपर्कांच्या यादीत तुमचं स्वतःचं नाव असतंच. तिथे `ततय` टाइप करून पाहा. वाक्य पुरतं आलं, शेवटचा शब्द तुटला नाही, वेळ बरोबर आहे, एवढं बघितलं की शॉर्टकट वापरायला तयार. ही चाचणी न करता गिऱ्हाइकाला पहिला मेसेज पाठवू नका.

४. शॉर्टकटची अक्षरं कशी निवडायची?

अक्षरं अशी हवीत की आपण दुसऱ्या कुठल्याही कारणाने ती सलग टाइप करणार नाही, पण आठवायलाही त्रास होणार नाही. मराठी मांडणीसाठी आम्ही एकच नियम सुचवतो: मूळ शब्दाचं पहिलं व्यंजन दोनदा आणि दुसरं एकदा. काना, मात्रा, वेलांटी काही नाही. तयार म्हणजे `ततय`, पत्ता म्हणजे `पपत`, माप म्हणजे `ममप`, दर म्हणजे `ददर`.

यामागे कारण आहे. मराठी शब्दाच्या सुरुवातीला तेच व्यंजन दोनदा, तेही काना-मात्रेशिवाय, क्वचितच येतं. आणि नुसती व्यंजनं असली की एका अक्षराला एकच टॅप लागतो. मात्रेसाठी वरच्या ओळीत शोधत बसावं लागत नाही.

तरीही अपवाद आहेत. बनवणे या शब्दावरून `बबन` असा शॉर्टकट करायला जाल तर ते माणसाचं नाव आहे. `ममत` मधून ममता हे नाव सुरू होतं. `सस` घेतलं तर ससा आणि ससाणे आहेत. अँड्रॉइडवर याने फारसं बिघडत नाही, कारण वाक्य फक्त पट्टीत दिसतं. आयफोनवर मात्र बबनरावांना मेसेज लिहिताना त्यांच्या नावाच्या जागी शिलाईचे दर उतरू शकतात. म्हणून शॉर्टकट ठरला की तो मोठ्याने वाचा आणि त्यापासून गावातलं, घरातलं कुठलं नाव तयार होतं का ते पाहा.

इंग्रजी मांडणीवरही पहिलं अक्षर दोनदा घ्या: `ttyr`, `pptt`, `mmap`. इंग्रजीतले खरे शब्द कटाक्षाने टाळा. `rate`, `add`, `map` हे शब्द आपण मराठी वाक्यातही सहज टाइप करतो. आयफोनवर `@@` सारखी चिन्हं वापरून ईमेलचा पत्ता साठवायची पद्धत आहे आणि ती चालते. जीबोर्डवर चिन्हांचे शॉर्टकट बहुधा ओळखले जात नाहीत, तिथे अक्षरंच वापरा. शॉर्टकटमध्ये स्पेस कुठेही नको.

५. मी कधी मराठी मांडणी वापरते, कधी इंग्रजी. दोन्हींत तोच शॉर्टकट चालेल का?

आपोआप नाही. जीबोर्डमध्ये शब्द साठवताना भाषा विचारली जाते. इंग्रजीच्या यादीत घातलेला शॉर्टकट मराठी मांडणी चालू असताना दिसेलच असं नाही. तिथे `All languages` हा पर्याय असतो, तोच निवडा.

पण मांडणी बदलली की अक्षरंही बदलतात, हे लक्षात राहत नाही. इंग्रजी मांडणीवर `ततय` टाइप करताच येत नाही. तुम्ही खरोखर दोन्ही वापरत असाल तर एकाच वाक्याला दोन शॉर्टकट द्या, `ततय` आणि `ttyr`, म्हणजे दोन वेगळ्या नोंदी करा. यात वाक्य बदलायची वेळ आली की दोन ठिकाणी बदलावं लागतं. म्हणून आमचा सल्ला असा की धंद्याच्या उत्तरांसाठी एक मांडणी ठरवून टाका.

तिसरा प्रकार म्हणजे इंग्रजी अक्षरांत लिहून मराठी उमटवणारी मांडणी. ती तुमच्या प्रत्येक अक्षराचं मराठी करू बघते, त्यामुळे शॉर्टकट कसा वागेल ते फोनवर अवलंबून राहतं. प्रश्न ३ मधली चाचणी त्याच मांडणीत करून बघा. जमलं नाही तर मेसेजपुरतं साध्या इंग्रजी मांडणीवर या. साठवलेलं वाक्य मराठीत असलं तरी शॉर्टकट इंग्रजी अक्षरांचा असू शकतो.

६. प्रत्येकीचं नाव, रक्कम, तारीख वेगळी असते. मग साठवलेलं वाक्य कसं उपयोगी पडेल?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे. बहुतेक जण वाक्याच्या मध्ये टिंबं घालून ठेवतात: "नमस्कार ....., तुमचे ..... ब्लाउज ..... तारखेला मिळतील." मग वाक्य उतरल्यावर मध्ये बोट ठेवून, टिंबं खोडून भरत बसायचं. फोनवर वाक्याच्या मध्ये नेमकी जागा पकडणं फार कटकटीचं असतं. घाईत एखादी टिंबांची जागा तशीच राहते आणि मेसेज जातो.

वाक्य उतरल्यावर कर्सर नेहमी शेवटी उभा असतो. म्हणून बदलणारी गोष्ट एकच ठेवा आणि ती वाक्याच्या शेवटी येईल अशी रचना करा. मराठीत हे सहज जमतं, कारण आपली वाक्यरचना लवचिक आहे. "तुमचा ब्लाउज शुक्रवारी मिळेल" असं न लिहिता "ब्लाउज शिवायला घेतला आहे. मिळण्याचा दिवस:" असं साठवा आणि पुढे "शुक्रवार" टाइप करा. तसंच "शिलाईची एकूण रक्कम ₹" असं संपवा आणि आकडा लिहा.

नाव सुरुवातीला लागतं, त्यासाठी ते आधीच हाताने लिहा. "मीनाताई," लिहा, स्पेस द्या, मग `ततय`. म्हणजे आधी नाव, मध्ये साठवलेला भाग, शेवटी बदलणारी गोष्ट. मध्ये कुठेही बोट ठेवून दुरुस्ती करायची वेळच येत नाही.

दोन गोष्टी बदलत असतील तर दोन शॉर्टकट करा आणि एकामागून एक वापरा. दिवस एका शॉर्टकटच्या शेवटी, रक्कम दुसऱ्याच्या शेवटी.

७. शिवणकामासाठी कोणते मेसेज साठवावेत? पूर्ण यादी द्या.

आधी व्हॉट्सॲपमधली गेल्या आठवड्यातली आपलीच उत्तरं वाचा. जे उत्तर तीनदा तरी दिसेल तेच साठवा. आठवणीतून यादी केली की आपल्याला वाटणारे मेसेज साठवले जातात, खरे जाणारे राहून जातात. शिवणकाम करणाऱ्या बहुतेकींना पुढचे सहा लागतात.

`ददर`: "साधा ब्लाउज, अस्तराचा ब्लाउज आणि पॅटर्नचा ब्लाउज यांची शिलाई वेगवेगळी आहे. कापडाचा आणि हव्या त्या गळ्याचा फोटो पाठवा, म्हणजे नक्की शिलाई सांगता येईल."

इथे आकडा मुद्दाम नाही. कारण प्रश्न ११ मध्ये आहे.

`ममप`: "अंगाला नीट बसणारा एक जुना ब्लाउज मापाला आणा. तो कुठे घट्ट किंवा सैल वाटत असेल तर आणताना तेही सांगा."

`ककप`: "ब्लाउजपीस साडीतून कापलेला नसेल तर साडी सोबत आणा. फॉल-पिको करायचं असल्यास तेही तेव्हाच सांगा."

`घघत`: "ब्लाउज शिवायला घेतला आहे. मिळण्याचा दिवस:"

`ततय`: प्रश्न ३ मधला मेसेज.

`पपत`: तुमचा पत्ता, जवळची खूण आणि शेवटी नकाशाची लिंक. लिंकच्या आधी स्पेस हवी आणि मागे पूर्णविराम नको, म्हणजे बोट लावल्यावर ती नीट उघडते.

आता हे वापरात कसं येतं ते बघा. नव्या बाईंचा मेसेज येतो: "ब्लाउज शिवायचे किती घेता? कुठे आहे तुमचं दुकान?" तुम्ही लिहिता: "नमस्कार ताई," मग `ददर`, मग `पपत`. त्या गळ्याचा फोटो पाठवतात, तुम्ही शिलाई हाताने लिहिता आणि मागोमाग `ममप`. कापड हातात आल्यावर `घघत` आणि पुढे "बुधवार". चार निरोप झाले, आणि हाताने लिहिलं ते नमस्कार, शिलाई आणि वार. जे प्रत्येकीसाठी वेगळं आहे तेवढंच तुमच्या बोटांना करावं लागलं.

सहाच्या पुढे लगेच जाऊ नका. हे सहा बोटांत बसले की सातवा घाला. पंधरा-वीस शॉर्टकट एकदम केले की ते आठवायला सेटिंग उघडावं लागतं, आणि मग हाताने लिहिणंच बरं वाटतं.

८. गिऱ्हाइकाला हे साचेबंद वाटणार नाही का?

वाटू शकतं, आणि ते टाळण्याचे उपाय भाषेतच आहेत. नाव हाताने लिहिलं की अर्धा साचेबंदपणा जातो. "ताई", "काकू", "मॅडम" यांतलं काहीही साठवलेल्या वाक्यात ठेवू नका, ते माणूस बघून हाताने लिहा. वाक्य तुम्ही बोलता तसंच ठेवा. "आपणास कळविण्यात येते की" अशी सुरुवात केलीत तर कुठल्या तरी कार्यालयाचं पत्र आल्यासारखं वाटतं.

एकाच फोनवरून नवरा-बायको दोघं उत्तरं देत असतील तर क्रियापद जपा. "पाठवते" आणि "पाठवतो" यांतलं एक साठवलं की दुसऱ्याच्या हातून चुकीचं जातं. "फोटो पाठवत आहे", "माप मिळालं", "ब्लाउज शिवायला घेतला आहे" अशी रूपं दोघांनाही चालतात.

तक्रारीला मात्र साठवलेलं उत्तर कधीही देऊ नका. हात घट्ट झालाय, गळा खाली गेलाय, लग्नाच्या आदल्या दिवशी हुक तुटलाय असा मेसेज आला की समोरच्या बाईला तुम्ही तो वाचलात हे कळायला हवं. तिथे दोन ओळी हाताने लिहा, नाहीतर सरळ फोन करा. कोणाच्या घरी दुःख झालं असेल तर तिथेही हेच.

९. साठवलेल्या मेसेजमध्ये ओळी तुटत नाहीत, सगळं एका ओळीत येतं. काय करू?

शब्दकोशाची चौकट एका ओळीसाठी केलेली आहे, त्यामुळे नवी ओळ सहसा टिकत नाही. दोन-तीन वाक्यांच्या मेसेजला त्याने काही फरक पडत नाही. पण दरपत्रक किंवा मापांची यादी असा ओळीओळींचा मजकूर शॉर्टकटमध्ये बसवू नका.

जीबोर्डमध्ये यासाठी क्लिपबोर्ड आहे. पूर्ण यादी कॉपी करा, कीबोर्डच्या पट्टीतून क्लिपबोर्ड उघडा, त्या मजकुरावर बोट दाबून धरा आणि पिन करा. पिन केलेला मजकूर राहतो. पिन न केलेला साधारण तासाभराने पुसला जातो. दरपत्रकासाठी याहून सोपा उपाय म्हणजे सुवाच्य अक्षरात लिहून त्याचा फोटो काढून ठेवणं. फार लांब मेसेजची आणखी एक अडचण अशी की सूचनांच्या पट्टीत त्याचे फक्त पहिले काही शब्द दिसतात. म्हणून प्रत्येक मेसेजची सुरुवात वेगळ्या शब्दाने करा. सगळेच "नमस्कार" ने सुरू झाले तर कोणता उतरतोय ते बोट लावण्याआधी कळत नाही.

१०. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये तयार उत्तरांची सोय आहे. मग हे कशाला?

त्या ॲपमधली `Quick replies` ही सोय चांगली आहे. चॅटमध्ये `/` टाइप केलं की साठवलेली उत्तरं समोर येतात, ५० पर्यंत साठवता येतात, त्यांत नव्या ओळी टिकतात आणि फोटोही जोडता येतो. दरपत्रक, धुण्याच्या सूचना, गळ्यांच्या नमुन्यांचे फोटो यांसाठी तीच वापरा.

पण ती त्या एका ॲपपुरतीच आहे. साध्या व्हॉट्सॲपवर, एसएमएसमध्ये, इन्स्टाग्रामवर ती नाही. ज्यांची गिऱ्हाइकं तिन्ही ठिकाणांहून येतात त्यांनी लहान, रोजचे मेसेज कीबोर्डमध्ये आणि लांब, फोटोवाले मेसेज बिझनेस ॲपमध्ये ठेवावेत. एकच मेसेज दोन्हीकडे ठेवू नका, बदलताना एक राहून जातो.

११. शिलाई वाढवली, पण जुनाच दर मेसेजमधून जात राहिला. हे कसं टाळायचं?

बदलणारा आकडा साठवूच नका. दर, दिवाळीच्या आधीची शेवटची तारीख, सुट्टीचे दिवस हे हाताने लिहिलेले बरे. आकडा साठवायचाच असेल तर तो एकाच शॉर्टकटमध्ये ठेवा. पत्त्याच्या मेसेजमध्ये वेळ आणि तयार मेसेजमध्येही वेळ असं केलंत, तर वेळ बदलल्यावर दोन्ही आठवावे लागतात.

सगळ्या शॉर्टकटची एक यादी वहीत किंवा फोनच्या नोट्समध्ये ठेवा, आणि दर बदलाल त्या दिवशी ती वरून खाली वाचा. जुना दर चुकून गेलाच तर व्हॉट्सॲपवर पाठवल्यापासून १५ मिनिटांत मेसेज दुरुस्त करता येतो. मेसेज दाबून धरा आणि `Edit` निवडा.

१२. शॉर्टकट साठवला आहे, पण टाइप केल्यावर काहीच येत नाही.

आधी मागच्या शब्दानंतर स्पेस आहे का ते बघा. "ताई,ततय" असं चिकटून लिहिलं तर कीबोर्डला तो वेगळा शब्द म्हणून दिसत नाही. मग मांडणी कोणती चालू आहे ते बघा, आणि शॉर्टकट कोणत्या भाषेच्या यादीत आहे ते (प्रश्न ५).

तरीही नाही आलं तर सूचनांची पट्टीच बंद असेल. जीबोर्डच्या सेटिंगमध्ये `Text correction` किंवा `Corrections & suggestions` मध्ये जाऊन पट्टी दाखवण्याचा पर्याय चालू करा. सॅमसंगवर `Predictive text` चालू हवं. अक्षरांवरून बोट सरकवत टाइप करायची सवय असेल तर शॉर्टकटपुरतं सोडा आणि एकेक अक्षर दाबा. बोट सरकवताना कीबोर्ड खरे शब्द शोधतो, आणि आपले शॉर्टकट मुद्दामच खरे शब्द नाहीत. शेवटची शक्यता म्हणजे दोन्ही चौकटी उलट भरल्या आहेत, वाक्य खाली आणि अक्षरं वर. ही चूक वाटते त्यापेक्षा जास्त जणांकडून होते.

१३. आयफोनवर नको तेव्हा वाक्य उतरतं. थांबवता येतं का?

शॉर्टकट टाइप केल्यावर स्पेस देण्याआधी पूर्ण वाक्य छोट्या फुग्यात किंवा पट्टीत दिसतं. फुग्यावर बोट लावलं, किंवा पट्टीत तुम्ही टाइप केलेली मूळ अक्षरं निवडली, की वाक्य उतरत नाही. पण हे वारंवार होत असेल तर अक्षरांची निवडच चुकली आहे. प्रश्न ४ पाहून शॉर्टकट बदला.

१४. हाच मेसेज एसएमएसने पाठवला तर तुकड्यांत जातो आणि दिवसाची मर्यादा लवकर संपते. असं का?

इंग्रजी अक्षरांचा एक एसएमएस १६० अक्षरांचा असतो. देवनागरी आली की तो सहसा ७० वर येतो, आणि काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडण्याची खूण हे सगळं त्यात स्वतंत्र मोजलं जातं. म्हणजे "ब्लाउज" हा शब्द दिसायला तीन अक्षरांचा, पण मोजणीत सहाचा: ब, पाय मोडल्याची खूण, ल, काना, उ, ज. अशा हिशोबाने प्रश्न ३ मधला मेसेज दोन तुकड्यांत जातो. अनेक रिचार्जमध्ये दिवसाला १०० एसएमएस मिळतात, त्यांतले दोन गेले. पूर्ण इंग्रजी मेसेजमध्ये ₹ हे चिन्ह घातलं तरी मर्यादा ७० वर येते, तिथे Rs लिहा.

एसएमएसवरच असलेल्या गिऱ्हाइकांसाठी वेगळा आखूड शॉर्टकट करा: "ब्लाउज तयार आहे. सं. ५ ते ८ मध्ये या." एवढं एका तुकड्यात बसतं.

१५. यूपीआय आयडी, बँकेचा खाते क्रमांक, पासवर्ड साठवले तर चालतील?

यूपीआय आयडी चालेल, तो पैसे घेण्यासाठी आपण देतोच. साठवल्यावर स्वतःला पाठवून एकेक अक्षर ताडून पाहा, कारण एका अक्षराच्या चुकीने पैसे दुसऱ्याकडे जाऊ शकतात. खाते क्रमांक देण्याची वेळ क्वचित येत असेल तर न साठवलेला बरा.

पासवर्ड, यूपीआय पिन, एटीएम पिन, आधार क्रमांक कधीही नाही. ही यादी कुलूपबंद नसते. फोन उघडा मिळाला की सेटिंगमध्ये जाऊन कोणीही ती वाचू शकतं, आणि मुलांच्या हातात फोन असताना चुकून दोन अक्षरं दाबली गेली तर ती माहिती समोर येते.

१६. फोन बदलला. सगळं पुन्हा टाइप करायचं का?

आयफोनवरून आयफोनवर जात असाल आणि आयक्लाउड चालू असेल तर यादी त्याच ॲपल खात्यातून येते, कधी थोडा वेळ लागतो. जीबोर्डमध्ये `Personal dictionary` च्या पानावर तीन ठिपक्यांच्या मेनूतून यादी बाहेर काढता येते आणि नव्या फोनवर पुन्हा आत घेता येते. अँड्रॉइडवरून आयफोनवर किंवा उलट जाताना हाताने करावं लागतं. प्रश्न ११ मधली नोट्समधली यादी तेव्हा कामी येते, कॉपी-पेस्ट करत सहा शॉर्टकट लवकर होतात.

आयफोनवर `Reset Keyboard Dictionary` हा पर्याय दाबण्याआधी मात्र थांबा. त्याने शिकलेल्या शब्दांसोबत तुमचे शॉर्टकटही पुसले जातात.

१७. कॉम्प्युटरवर व्हॉट्सॲप उघडलं तर हे शॉर्टकट चालतील?

नाही. तिथे टाइप करणारा कीबोर्ड वेगळा आहे. त्याच ॲपल खात्याचा मॅक असेल तर आयफोनची यादी तिथे येते, पण प्रत्येक ॲपमध्ये ती चालत नाही.

१८. आजची तारीख किंवा गिऱ्हाइकाचं नाव आपोआप भरलं जाईल असं करता येतं का?

कीबोर्डच्या या सोयीत नाही. साठवलेलं वाक्य जसंच्या तसं येतं, त्यात मोजणी किंवा निवड काही होत नाही. अँड्रॉइडवर तारीख भरून देणारी वेगळी ॲप मिळतात. पण ती चालण्यासाठी सहसा `Accessibility` ची परवानगी मागतात, आणि ती दिली की ॲपला स्क्रीनवरचा मजकूर वाचता येतो, त्यात बँकेचं ॲपही आलं. एका तारखेसाठी एवढी परवानगी देऊ नये असं आमचं मत आहे. वाक्य "मिळण्याचा दिवस:" वर संपवा आणि वार हाताने लिहा.